घडलेला आठवडा मोजा: ढकलणं, ओढणं आणि पाय

जिमला जाणारा कुणी खांदा दुखतो म्हणून माझ्याकडे आला, की तपासणी झाल्यावर मी त्याला एक गृहपाठ देते. गेल्या चार आठवड्यांत कुठल्या दिवशी कोणता व्यायाम केला आणि त्याचे किती सेट झाले, हे कागदावर लिहून आणायचं. ट्रेनरने दिलेला तक्ता नको. प्रत्यक्षात जे झालं तेच हवं. हा कागद मला अनेकदा एक्स-रेपेक्षा जास्त सांगून जातो.

या लेखात अशाच एका कागदाबद्दल सविस्तर लिहिते. रुग्णाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, पण आकड्यांचा हिशेब तसाच ठेवला आहे. लेख वाचून झाल्यावर तुम्हालाही तुमचा आठवडा असा तपासता यावा, एवढाच हेतू आहे.

कागदावरचा आठवडा

वय २९, नोकरी आयटीतली, दोन वर्षं नियमित जिम. उजवा खांदा पुढच्या बाजूने दुखत होता. बेंच प्रेस करताना आणि हात बाजूने वर नेताना दुखणं वाढायचं. हात खांद्याच्या उंचीच्या आसपास आला की कळ यायची आणि पूर्ण वर गेला की कमी व्हायची. रात्री झोपमोड नव्हती, हाताची ताकद शाबूत होती, मुंग्या नव्हत्या. म्हणजे स्नायुबंध फाटल्याची शंका घ्यावी असं काही नव्हतं. बेताबाहेर काम पडलेल्या खांद्याचं हे नेहमीचं चित्र.

त्याचा ठरलेला आठवडा असा होता:

- सोमवार (छाती): बेंच प्रेस ४ सेट, इन्क्लाइन डंबेल प्रेस ४, पेक फ्लाय ३, पुश-अप ३
- मंगळवार (पाठ आणि बायसेप्स): लॅट पुलडाउन ४, सीटेड रो ३, बायसेप्स कर्ल ४, हॅमर कर्ल ३
- बुधवार (खांदे): शोल्डर प्रेस ४, फ्रंट रेझ ३, लॅटरल रेझ ३, श्रग ३
- गुरुवार (छाती आणि ट्रायसेप्स): बेंच प्रेस ४, डिप्स ३, पुशडाउन ३
- शुक्रवार (हात): बायसेप्स कर्ल ४, हॅमर कर्ल ३, ट्रायसेप्स ३
- शनिवार (पाय): लेग एक्स्टेन्शन ३, पोटऱ्या ३

एकूण ६७ सेट. वरवर पाहिलं तर यात सगळं आहे. छाती आहे, पाठ आहे, शनिवारी पायही आहेत. तो म्हणालाही, "मॅडम, मी सगळ्या बॉडी पार्टना एकेक दिवस दिलाय."

अडचण नेमकी इथेच होते. अवयवांची नावं मोजली की आठवडा समतोल दिसतो. हालचाली मोजल्या की चित्र बदलतं.

तीन रकाने

मोजणीसाठी कागदावर तीन रकाने आखायचे: ढकलणं, ओढणं, पाय. जे वजन तुम्ही शरीरापासून दूर लोटता ते ढकलणं. बेंच प्रेस, पुश-अप, शोल्डर प्रेस, डिप्स आणि आपले जोर, हे सगळं त्यात आलं. पेक फ्लाय आणि फ्रंट रेझमध्ये तसं ढकलणं नसतं, पण काम छातीला आणि खांद्याच्या पुढच्या भागालाच पडतं, म्हणून तेही याच रकान्यात.

जे वजन तुम्ही शरीराकडे आणता, किंवा ज्या दांड्याकडे तुम्ही स्वतःला ओढून नेता, ते ओढणं. यात सगळे रो, लॅट पुलडाउन, पुल-अप आणि फेस पुल येतात.

पायांच्या रकान्याचे दोन भाग करायचे. पहिल्या भागात गुडघा वाकवून होणारे व्यायाम: बैठका, स्क्वॉट, लंज, लेग एक्स्टेन्शन. दुसऱ्यात मांडीच्या मागच्या स्नायूंचे आणि नितंबांचे व्यायाम: डेडलिफ्ट, पाठीवर झोपून कंबर उचलणं, लेग कर्ल. डेडलिफ्टला बरेच जण पाठीचा व्यायाम म्हणतात. त्यात पाठीला वजन तोलून धरावं लागतं हे खरं, पण हालचाल खुब्याच्या सांध्यात होते. म्हणून ती पायांकडे लिहायची.

राहिलेल्या छोट्या व्यायामांची वेगळी यादी करायची: बायसेप्स, ट्रायसेप्स, लॅटरल रेझ, श्रग, पोटऱ्या. ते तीन रकान्यांत मिसळायचे नाहीत. यावर माझा रुग्ण लगेच म्हणाला, "पण बायसेप्स म्हणजे ओढणंच की, मॅडम. कर्ल तर मी आठवड्यातून दोनदा मारतो." कर्लमध्ये कोपर वाकतं, खांद्याचं हाड आणि पाठीवरचं फऱ्याचं हाड जवळपास जागेवरच राहतात. पाठीच्या मधल्या भागाला आणि खांद्याच्या मागच्या बाजूला त्यातून फारसं काम मिळत नाही. रो केल्याने बायसेप्सला काम मिळतं, पण कर्ल केल्याने पाठीला मिळत नाही.

कोणता सेट मोजायचा याचाही एक नियम हवा. सेट संपला तेव्हा फार तर दोन-तीन रेप्स आणखी जमल्या असत्या, इतका तो जड गेला असेल तरच मोजायचा. वॉर्मअपचे सेट धरायचे नाहीत. फोनवर बोलत बोलत केलेले तर मुळीच नाहीत.

ठरलेलं आणि घडलेलं

ठरलेल्या तक्त्याप्रमाणे त्याचं ढकलणं आठवड्याला २८ सेट होतं: सोमवारचे १४, बुधवारचे ७, गुरुवारचे ७. ओढणं होतं ७. पायांचे ३ सेट आणि शिवाय पोटऱ्यांचे ३. प्रमाण इथेच बिघडलेलं होतं. पण खरी गंमत पुढे आहे.

चार आठवड्यांत सोमवार एकदाही चुकला नव्हता. बुधवार, गुरुवार, शुक्रवारही पार पडले होते. मंगळवार एकदा बुडाला होता, कारण ऑफिसचा कॉल लांबला. आणि शनिवार चारपैकी तीनदा बुडाला होता: एकदा लग्न, एकदा गावी जाणं, एकदा नुसता कंटाळा.

आता घडलेल्या चार आठवड्यांची बेरीज बघा. ढकलण्याचे सेट ११२. ओढण्याचे २१. पायांचे, पोटऱ्या धरूनही, ६. याच काळात कर्लचे सेट झाले होते ४९, म्हणजे ओढण्याच्या दुपटीहून जास्त. मांडीच्या मागच्या स्नायूंसाठी एकही नाही.

हे आकडे त्याने स्वतः मांडले आणि तो बराच वेळ गप्प बसला. त्याने पाय टाळायचे असं कधी ठरवलेलं नव्हतं. पण बुडणारा दिवस कुठला असतो? आठवड्याचा शेवटचा. आणि शेवटच्या दिवशी आपण काय ठेवतो? जे करायला जिवावर येतं ते. त्यामुळे तक्ता कसाही असला तरी सुट्ट्यांचा फटका दर वेळी त्याच रकान्याला बसतो. म्हणूनच मी चार आठवडे मागते. एका आठवड्यात एखादा दिवस बुडणं हा योगायोग असतो. चार आठवड्यांत तोच दिवस तीनदा बुडाला तर ती सवय असते.

खांदा खरंच यामुळे दुखत होता का?

जिममध्ये यावर एक तयार उत्तर मिळतं: छाती जास्त झाली, पाठ कमी पडली, म्हणून खांदे पुढे झुकले, म्हणून दुखतं. हे पटकन पटतं, पण वैद्यकीयदृष्ट्या इतकं सरळ नाही. खांदे पुढे झुकलेल्या कितीतरी लोकांना काहीच दुखत नाही, आणि ताठ उभ्या राहणाऱ्यांचेही खांदे दुखतात. ढकलणं आणि ओढणं यांचं अमुक इतकं प्रमाण राखलं की दुखणार नाही, असा कोणताही जादूचा आकडा नाही.

मी त्याला सांगितलं ते वेगळं होतं. खांद्याची खोबण उथळ असते. दंडाच्या हाडाचा गोळा त्या खोबणीत नीट बसवून ठेवायचं काम चार छोट्या स्नायूंचा गट करतो. प्रत्येक प्रेसमध्ये, प्रत्येक डिपमध्ये हा गट राबतो. स्नायू एक-दोन दिवसांत ताजातवाना होतो, पण स्नायुबंधांना सावरायला जास्त वेळ लागतो. महिन्याला ११२ सेट एकाच दिशेने पडत असतील, तर दुखण्याचा पहिला संशय त्या ११२ वर घ्यायचा. ओढण्याचे २१ कमी होते हा दुसरा मुद्दा. समजा त्याने ढकलणं तसंच ठेवून ओढणंही ११२ वर नेलं असतं, तर कागदावर समतोल दिसला असता, पण खांदा सुटला नसता.

मग ओढणं वाढवायचं कशासाठी? रो करताना फऱ्याचं हाड मणक्याकडे सरकतं. बेंचवर पाठ टेकलेली असल्यामुळे ते जवळजवळ दाबलेलंच राहतं. या हाडाला हलवणारे आणि स्थिर ठेवणारे स्नायू बळकट असले तर हाताला जोर लावायला पक्का पाया मिळतो. ओढण्यातही नुसतं पुलडाउन पुरत नाही. पुलडाउनमध्ये मुख्य काम करणारा पाठीचा रुंद स्नायू दंडाला आतल्या बाजूला वळवतो, आणि छातीचा स्नायूही तेच करतो. खांद्याच्या मागच्या बाजूला काम मिळायला समोरून आडवं ओढणं हवं, म्हणजे रो किंवा फेस पुल.

रो नीट होतो आहे का, हे ओळखायची एक साधी खूण आहे. हँडल पोटापाशी आलं की तिथे एक सेकंद थांबून बघा. थांबता येत नसेल, झटका द्यावा लागत असेल किंवा कंबर मागेपुढे झुलत असेल, तर वजन जास्त आहे. असे सेट मी मोजत नाही. त्याच्या २१ पैकी किती उरले असते, हे मी त्याला विचारलं नाही.

पायांचा रकाना रिकामा राहिला तर

पाय कुठे दुखत नव्हते, त्यामुळे त्याला त्यात काही बिघडलंय असं वाटत नव्हतं. "रोज सात-आठ हजार पावलं होतात," तो म्हणाला. चालणं हृदयासाठी उत्तम, पण त्याने मांडीची ताकद फारशी वाढत नाही. प्रत्येक पावलाला स्नायूला लागणारा जोर इतका कमी असतो, की धडधाकट तरुणाच्या स्नायूला बळकट व्हायचं कारणच उरत नाही.

त्याच्या फाइलमध्ये आणखी एक कागद होता. ऑफिसच्या वार्षिक तपासणीत उपाशीपोटीची साखर १०६ आली होती. १०० ते १२५ ही मधुमेहपूर्व पातळी, आणि त्याच्या वडिलांना मधुमेह आहे. जेवणानंतर इन्सुलिनच्या मदतीने रक्तातली जी साखर उचलली जाते, तिचा मोठा वाटा स्नायू घेतात. शरीरातले सर्वांत मोठे स्नायू मांड्यांत आणि नितंबांत असतात. पायांचा व्यायाम केला की साखर उतरेल असं वचन मी देत नाही. त्यात आहार, झोप, पोटाचा घेर हे सगळं येतं. पण ज्याच्या घरात मधुमेह आहे, त्याने सर्वांत मोठे स्नायू महिनोन्‌महिने जवळपास बसवून ठेवावेत, हा हिशेब तोट्याचाच.

आपल्याकडे तालमीत 'जोर-बैठका' हा जोडशब्दच होता. नुसते जोर मारणारा पैलवान कुणी पाहिला नसेल. ढकलण्याची आणि पायांची जोडी भाषेतच बांधलेली होती, आणि तिसरा रकाना कुस्ती, मल्लखांब, दोर चढणं यांतून भरायचा.

दुरुस्त केलेला आठवडा

आठवडा दुरुस्त करायचा म्हणजे आणखी व्यायाम घालायचा, असं बहुतेकांना वाटतं. आम्ही उलट केलं. सहाऐवजी चार दिवस ठेवले आणि जे बुडत होतं ते पुढे आणलं.

- सोमवार: स्क्वॉट ३, डंबेल घेऊन रोमानियन डेडलिफ्ट ३, सीटेड रो ३
- मंगळवार: बेंच प्रेस ४, एका हाताचा डंबेल रो ३, लॅटरल रेझ २, ट्रायसेप्स २
- गुरुवार: लंज ३, लेग कर्ल ३, पोटऱ्या २, लॅट पुलडाउन ३, कर्ल २
- शनिवार: इन्क्लाइन प्रेस ३, शोल्डर प्रेस ३, फेस पुल ३

ढकलणं १०, ओढणं १२, पाय १२ आणि पोटऱ्या २. एकूण ४२ सेट. पाठीच्या एखाद्या मशिनवर गर्दी असली तरी आठवडा कोसळत नाही, कारण ओढणं चारही दिवसांत वाटलेलं आहे. आणि पूर्वीसारखा शनिवार बुडाला तर काय बुडेल? ढकलण्याचे सहा सेट आणि फेस पुलचे तीन. पाय शाबूत राहतील. ज्याचं ढकलणं आधीच जास्त झालं आहे, त्याच्या आठवड्यात बुडायचं असेल तर तेच बुडावं.

दुखणं होतं म्हणून पहिले काही आठवडे बेंचचं वजन कमी केलं, पकड थोडी जवळ आणली आणि डिप्स बंद ठेवले. नवव्या-दहाव्या आठवड्यापर्यंत हात वर नेताना दुखणं जवळपास गेलं. यात ढकलणं कमी झाल्याचा वाटा किती आणि ओढणं वाढल्याचा किती, हे एका माणसावरून सांगता येत नाही. मी पैज लावली तर पहिल्यावर लावीन.

पाय सुरू करताना एक इशारा

ज्यांच्या पायांचा रकाना बरेच महिने रिकामा आहे, त्यांनी हा भाग नीट वाचावा. पश्चात्ताप झालेला माणूस पहिल्याच दिवशी दोनशे बैठका मारतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या दुखणं, जिना उतरताना कळवळणं हे अपेक्षित आहे आणि ते आपोआप ओसरतं. पण अति झालं तर स्नायूंच्या पेशी फुटून आतला द्रव्यसाठा रक्तात येतो आणि मूत्रपिंडांवर ताण पडतो. मांड्या टणक सुजणं, पायात जोर न राहणं आणि लघवी कोऱ्या चहासारखी गडद होणं, या खुणा दिसल्या तर घरी मालिश करत बसू नका. त्याच दिवशी रुग्णालयात जा. हे टाळणं सोपं आहे: पहिला आठवडा प्रत्येक व्यायामाचे एक किंवा दोनच सेट, तेही हलक्या वजनाने. दुसऱ्या आठवड्यात तेच केल्यावर दुखणं बरंच कमी होतं.

तसंच, ज्यांचा गुडघा अडकतो, सुजतो किंवा ज्यांची शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांनी वरचा तक्ता जसाच्या तसा उचलू नये. खांद्यातही रात्री झोपू न देणारं दुखणं, काहीतरी तुटल्यासारखं होऊन हात न उचलणं किंवा बोटांपर्यंत बधिरपणा असेल तर आधी तपासणी. आणि श्रम केल्यावर छातीत दडपण येऊन हातात जाणारी कळ ही व्यायामाच्या समतोलाची बाब नाहीच. तिथे थेट हृदयाची तपासणी.

जिमला न जाणाऱ्यांसाठी

हाच हिशेब घरच्या व्यायामालाही लागू होतो. माझ्या एक रुग्ण शिक्षिका आहेत, वय ५४. रोज बारा सूर्यनमस्कार आणि चाळीस मिनिटं चालणं. त्यांचे रकाने भरून बघा. सूर्यनमस्कारात हातांवर भार घेऊन खाली जाणं आणि वर येणं आहे, म्हणजे ढकलणं आलं. पाय पुढे-मागे टाकणं आहे, पण वजन बेताचं. ओढणं मात्र शून्य. शरीराच्या वजनाने जमिनीवर करायच्या बहुतेक व्यायामांत ओढायला काही नसतंच. पूर्वी विहिरीचं पाणी शेंदताना बायकांच्या पाठीला ते काम मिळायचं. आता नळ आला, ते बरंच झालं, पण तो रकाना रिकामा झाला.

त्यांना मी दोनच गोष्टी सांगितल्या. पाच लिटरचा पाण्याचा कॅन घ्यायचा, एक हात खुर्चीवर टेकून पुढे झुकायचं आणि दुसऱ्या हाताने कॅन कमरेपर्यंत ओढायचा. प्रत्येक बाजूने दहा-बारा वेळा, तीन सेट, आठवड्यातून दोनदा. आणि त्याच दिवशी हात न टेकता खुर्चीतून उठणं-बसणं, दहाचे तीन सेट. सोपं वाटायला लागलं की हातात तोच कॅन छातीशी धरून उठायचं. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारसही हीच आहे: सगळ्या मोठ्या स्नायूंना बळ देणारा व्यायाम आठवड्यातून किमान दोन दिवस. 'सगळ्या' हा त्यातला महत्त्वाचा शब्द.

तुमची मोजणी

महिन्यातून एकदा दहा मिनिटं पुरतात. गेले चार आठवडे आठवून नव्हे, लिहून ठेवलेल्या वहीतून घ्या. तीन रकान्यांची बेरीज करा. ओढणं निदान ढकलण्याइतकं आहे का बघा. त्यात आडवं ओढणं आहे का बघा. पायांचे दोन्ही भाग भरलेत का बघा. मग बुडालेल्या दिवसांवर गोल करा. दोनदा गोल पडलेला दिवस दिसला, की त्या दिवसाचा व्यायाम उचलून सोमवारी ठेवा आणि सोमवारचा तिथे. बाकी तक्त्याला हात लावू नका. पुढच्या महिन्याची बेरीज काय येते ते पाहून मगच दुसरा बदल करा.